गज किती, फट किती?

धाकट्या बहिणीच्या घराचं साताऱ्यात बांधकाम चालू होतं. वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याच्या कठड्याचा हिशोब मी कागदावर काढून दिला होता: बारा मिमीचे चौरस गज १८ नग, सेंटर टू सेंटर १०४ मिमी. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "ताई, गज संपले. वर अजून जागा आहे." जाऊन पाहिलं तर खालच्या खांबापासून अठराही गज दाट, एकसारखे लागले होते आणि वरच्या खांबाजवळ सव्वा फुटाहून मोठी मोकळी जागा उरली होती. एखादं चार वर्षांचं मूल त्यातून वाकून सहज बाहेर गेलं असतं.

गजांचा आकडा बरोबर होता आणि अंतराचाही. चूक एवढीच होती की १०४ हे अंतर कोणत्या दिशेनं मोजायचं ते मी लिहिलं नव्हतं. फॅब्रिकेटरनं टेप तिरक्या पाइपावर ठेवून खुणा केल्या, आणि मी ते अंतर आडवं, जमिनीला समांतर धरलं होतं. जिन्याच्या कठड्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त घोटाळा करते. ती नीट कळायची तर आधी सपाट गॅलरीचा हिशोब हातात यायला हवा, म्हणून सुरुवात तिथून करते.

बहिणीच्या गॅलरीचं तोंड भिंतीपासून भिंतीपर्यंत ३००० मिमी, म्हणजे जवळजवळ दहा फूट आहे. लोखंडी कामात मी मिमीतच मोजते. इंच आणि सूत यांत हिशोब करणारे जुने कारागीर अचूक असतात, पण भागाकार करायची वेळ आली की मिमी सोपे पडतात. एवढ्या लांबीला दोन टोकांचे खांब पुरत नाहीत. कोणी कठड्यावर रेलून उभं राहिलं तर मधला भाग लवतो, म्हणून मध्ये आणखी एक खांब घेतला. तिन्ही खांब ४० मिमीच्या चौकोनी पाइपाचे. ३००० मधून तिघांचे १२० वजा केले की २८८० उरतात आणि त्याचे दोन गाळे होतात, प्रत्येकी १४४० मिमीचे. गजांचा हिशोब या १४४० वर करायचा, ३००० वर नाही. गॅलरीला कोपरा असेल तर कोपऱ्यातला खांब दोन्ही बाजूंच्या मोजणीत येतो, पण लोखंड आणताना तो एकदाच धरायचा.

आता फट. दोन गजांमधली मोकळी जागा किती चालेल? ब्रिटनमध्ये घराच्या कठड्याची कसोटी अशी आहे की १०० मिमी व्यासाचा गोळा त्यातून आरपार जाता कामा नये. अमेरिकेतही घराच्या कठड्यासाठी चार इंचाचा गोळा धरतात, म्हणजे जवळपास तेवढाच. यामागचं कारण लहान मुलांच्या अंगकाठीत आहे. रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल आधी पाय आणि धड फटीतून बाहेर घालतं. धड जातं आणि डोकं अडकतं. त्याहून मोठी फट असेल तर डोकंही जातं. दोन्ही वाईटच. म्हणून फट एवढी लहान ठेवायची की धडच आत शिरणार नाही.

इथे एक शब्द सांभाळावा लागतो. फट म्हणजे गजाच्या कडेपासून पुढच्या गजाच्या कडेपर्यंतची मोकळी जागा. कारागीर बोलतात ते बहुधा सेंटर टू सेंटर, म्हणजे एका गजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. बारा मिमीच्या गजात या दोन मापांत बारा मिमीचा फरक पडतो. "चार इंचावर गज" असं तोंडी ठरलं आणि घरमालकाच्या मनात चार इंचांची मोकळी जागा असेल तर कारागिराच्या मापानं ती साडेतीन इंचच निघते. तिथे नुकसान फक्त पैशाचं. पण मालकानं "पाच इंच सेंटर" मान्य केलं आणि ती फट चार इंच असेल असं समजला, तर प्रत्यक्षात मोकळी जागा साडेचार इंच होते. म्हणून कागदावर दोन्ही लिहावं: मोकळी फट इतकी, सेंटर टू सेंटर इतकं.

गजांची संख्या काढताना बरेच जण लांबीला सेंटर टू सेंटरनं भागतात आणि थांबतात. कधी ते बरोबर येतं, कधी एक गज कमी-जास्त होतो. घोटाळा होण्याचं कारण असं की दोन खांबांच्या मधे गज कितीही असोत, फटी नेहमी गजांपेक्षा एकनं जास्त असतात. पहिल्या गजाच्या आधी एक फट असते आणि शेवटच्या गजानंतरही एक. ती एक जास्तीची फट आधी बाजूला काढली की उरलेल्या लांबीत गज आणि फट अशा जोड्या बसतात. म्हणून:

गजांची संख्या = (मोकळी लांबी − फट) ÷ (गजाची जाडी + फट)

आमच्या गाळ्यात फट १०० धरली तर १४४० वजा १०० म्हणजे १३४०, भागिले ११२, उत्तर ११.९६. हे नेहमी वरच्या पूर्ण आकड्याला न्यायचं. ११.०५ आलं असतं तरी १२ च घ्यायचे, कारण खाली आणलं की फट ठरवलेल्या मापाच्या बाहेर जाते. १२ गज घेतल्यावर खरी फट किती पडते ते उलटं पडताळायचं: १४४० मधून बारा गजांचे १४४ वजा केले की १२९६ उरतात, त्यांना तेरा फटींनी भागलं की ९९.७ मिमी.

कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात मी ते कधीच मान्य करत नाही. हातात उरतात जेमतेम तीन दशांश मिमी, आणि वेल्डिंगची उष्णता बारा मिमीचा गज सहज दोन मिमी ओढून नेते. शिवाय गज थोडेफार वाकतात. मुलं दोन गज हातात धरून फाकवतात आणि गज जितका उंच तितका तो मधोमध जास्त फाकतो. म्हणून हिशोबात फट १०० न धरता ९५ धरावी. १४४० वजा ९५ म्हणजे १३४५, भागिले १०७, उत्तर १२.५७, म्हणजे १३ गज. खरी फट होते १२८४ भागिले १४, म्हणजे ९१.७ मिमी. एका गाळ्यात एक गज वाढला, दोन गाळ्यांत दोन. पूर्ण गॅलरीला २६ गज.

आता खुणा. एक ९१.७ ची पट्टी घेऊन एका गजापासून दुसरा असं पुढे पुढे सरकत गेलं तर प्रत्येक वेळची थोडी चूक पुढच्या गजाला मिळते. दर फटीला एक मिमी चुकला तर चौदाव्या फटीला सगळे चौदा मिमी एकदम सापडतात आणि शेवटची फट वेगळीच दिसते. म्हणून टेप एकदाच शून्यावर धरायची आणि सगळ्या खुणा त्याच टोकापासून करायच्या. पहिल्या गजाचा मध्य ९७.७ वर (फट ९१.७ आणि अर्धा गज ६), मग प्रत्येक वेळी १०३.७ मिळवत जायचं: २०१.४, ३०५.१, असं तेराव्यापर्यंत. तेरावा गज १३४२.३ वर येतो आणि तिथून पुढच्या खांबापर्यंत पुन्हा ९७.७ उरतात. सुरुवात आणि शेवट जुळले की हिशोब बरोबर आहे, वेगळं काही तपासावं लागत नाही.

उंचीकडे आता वळते, कारण गजाची लांबी तिथून निघते. आम्ही गॅलरीचा कठडा फरशीपासून ११०० मिमी ठेवला. ब्रिटनमध्ये बाहेरच्या गॅलरीला एवढीच किमान उंची मागतात. आपल्या गावचा किंवा महापालिकेचा नियम काय आहे ते आर्किटेक्टला विचारून घ्यावं. ही उंची तयार फरशीपासून मोजायची, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कठड्याचं माप बहुधा फरशी बसायच्या आधी घेतलं जातं. खाली मसाला आणि वर टाइल मिळून पन्नासेक मिमी चढले की ११०० चा कठडा १०५० चा होतो. कठड्याच्या खाली पाय ठेवून उभं राहता येईल असा बुटका कट्टा असेल तर उंची कट्ट्याच्या वरच्या पृष्ठापासून धरावी, कारण मूल त्यावर चढून उभं राहतं. आडव्या पाइपांचे कठडे मला नको वाटतात ते याच कारणानं. ते शिडीसारखे असतात. उभ्या गजांना पाय टेकवायला जागा नसते.

११०० मधून वरचा पाइप ४०, खालची पट्टी २५ आणि पट्टीखाली पाणी वाहायला व झाडू फिरायला ठेवलेले ७५ वजा केले की गजाची लांबी ९६० मिमी येते. खालची ७५ ची फटही १०० च्या आत आहे, हे पाहून घेतलं.

चौरस गज आमच्याकडे सहा मीटरच्या लांबीत आले. २६ गजांना ९६० नं गुणलं की २४,९६० मिमी, म्हणजे २५ मीटर. सहा मीटरचे पाच दांडे लागतील असं त्यावरून दिसतं आणि इथे ते बरोबरही आहे, पण हिशोबाची ही पद्धत फसवी आहे. दांडा एकसंध मोजून चालत नाही, एका दांड्यातून किती तुकडे निघतात ते पाहावं लागतं. ९६० चे सहा तुकडे म्हणजे ५७६०. ग्राइंडरचं पातं प्रत्येक कापाला सुमारे तीन मिमी खातं, ते १८ धरले तरी शेवटी २२२ मिमी उरतात. आता गजाची लांबी ९६० ऐवजी १००० असती असं समजा. एकूण लांबी २६ मीटर झाली असती आणि वाटलं असतं की पाच दांडे पुरतील. पण हजारचे सहा तुकडे सहा हजारात बसत नाहीत, कारण पात्याला जागाच उरत नाही. पाचच तुकडे निघतात आणि २६ गजांना सहा दांडे लागतात. कठड्याची उंची चाळीस मिमीनं वाढवली की सबंध एक दांडा वाढतो. म्हणून उंची पक्की करायच्या आधी हा भागाकार करून पाहावा.

आता जिना. मजल्याची उंची ३०६० मिमी होती, म्हणून १७० मिमी उंचीच्या १८ पायऱ्या घेऊन त्यांच्या नऊ-नऊच्या दोन फ्लाइट केल्या. पाय ठेवायची जागा, म्हणजे ट्रेड, २५० मिमी. खालची फ्लाइट दोन भिंतींमधून जाते, त्यामुळे तिला भिंतीवरचा धरायचा पाइप पुरतो. वरच्या फ्लाइटची एक बाजू उघडी आहे, कठडा तिथे बसायचा होता.

पहिला सापळा इथेच असतो. नऊ चढ आहेत म्हणून नऊ ट्रेडही असतील असं वाटतं. पण नववा चढ चढला की आपण थेट वरच्या मजल्यावर पोहोचतो, तिथे वेगळी पायरी नसते. म्हणजे ट्रेड आठच. कठडा पहिल्या पायरीच्या कडेपासून वरच्या मजल्याच्या कडेपर्यंत जातो आणि या दोन कडांमध्ये आडवं अंतर आठ ट्रेडचं, २००० मिमी, तर उभं अंतर आठ चढांचं, १३६० मिमी. पहिला चढ कठड्याच्या खालीच राहतो.

तिरकी लांबी शाळेतल्या काटकोन त्रिकोणाच्या नियमानं येते. शुल्बसूत्रांत कर्णाचा हाच नियम वेदी मांडण्यासाठी सांगितला आहे आणि जिन्यावर तो पायरीपायरीला दिसतो. एका पायरीचा कर्ण काढू: २५० चा वर्ग ६२,५००, १७० चा वर्ग २८,९००, बेरीज ९१,४००, तिचं वर्गमूळ ३०२.३. आठ पायऱ्यांचे २४१९ मिमी. उभ्या अंतरात चुकून नऊ चढ धरले असते तर २५१८ आले असते, म्हणजे जवळजवळ चार इंच जास्त. पाइप लांब आला तर कापता येतो, पण वर खांबाची जागा आधीच भोक पाडून ठरवली असेल तर चार इंच कुठे लपत नाहीत. वर्गमूळ नको असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. पहिल्या पायरीच्या कडेवर टेपचं टोक धरा, दुसऱ्याला वरच्या मजल्याच्या कडेवर टेप ताणून धरायला सांगा आणि आकडा वाचा. मी दोन्ही करते. ते दहा मिमीच्या आत जुळले नाहीत तर पायऱ्या एकसारख्या नाहीत हे कळतं, आणि मग एकेक पायरी मोजावी लागते.

या २४१९ चा उपयोग पाइप आणि पट्टी आणायला होतो. रनिंग फुटावर मजुरी ठरली असेल तर बिलही याच लांबीवर येतं, आठ फुटांच्या आसपास. आडव्या मापानं ते साडेसहा फूट होईल. दोघांनी वेगवेगळं माप मनात धरलं की काम संपताना वाद होतो. ते आधीच बोलून घ्यावं.

गजांची संख्या मात्र या तिरक्या लांबीवरून काढायची नाही. गज सरळ उभे असतात. दोन उभ्या गजांमधली फट म्हणजे त्यांच्यातलं आडवं अंतर, कारण मूल त्या फटीतून आडवं जातं. वरचा पाइप तिरका आहे याच्याशी त्या फटीचा काही संबंध नाही. म्हणून हिशोब २००० वर. खांब दोन्ही टोकांना, मध्यापासून मध्यापर्यंत २००० अंतरावर. दोन्हींचा अर्धा अर्धा खांब, मिळून ४०, वजा केले की मोकळी लांबी १९६०. त्यातून ९५ गेले, १८६५ उरले, भागिले १०७, उत्तर १७.४, म्हणजे १८ गज. खरी फट ९१.८. गॅलरीच्या फटीपेक्षा केसभरच वेगळी, त्यामुळे दोन्ही कठडे एकाच जातीचे दिसतात. हेच गणित तिरक्या लांबीवर केलं असतं तर २२ गज आले असते. त्यात धोका नाही, पण चार गज फुकट जातात आणि जिन्याचा कठडा गॅलरीपेक्षा उगाच दाट दिसतो.

म्हणजे आडवं माप गज मोजतं आणि तिरकं माप पाइप मोजतं. अडचण खुणांची आहे. गज तर तिरक्या पाइपावर वेल्ड करायचे असतात. तिथे आडव्या १०४ ची खूण कुठे पडेल? कर्ण आणि ट्रेड यांचं गुणोत्तर ३०२.३ भागिले २५०, म्हणजे १.२०९. आडवं अंतर या संख्येनं गुणलं की पाइपावरचं अंतर मिळतं. १०३.८ गुणिले १.२०९ म्हणजे १२५.५ मिमी. पाइपावर गज साडेबारा सेंटिमीटरवर येतात, मोकळी फट मात्र नऊच सेंटिमीटर राहते. टेप पाइपावर ठेवून पाहणाऱ्याला हे विरळ वाटतं आणि तो म्हणतो की फट जास्त आहे. त्याला समोर उभं करून आडवं मोजायला लावलं की पटतं.

आमच्या फॅब्रिकेटरनं पाइपावरच १०४ धरले होते. त्यामुळे प्रत्येक फट आडवी ९२ ऐवजी ७४ झाली, गज दाट बसले, अठरा संपले तेव्हा दोन हजारांतले सुमारे चारशे दहा मिमी शिल्लक होते. सुदैवानं गज अजून फक्त टाक्यांवर होते, पूर्ण वेल्ड झालेले नव्हते. दोघांनी मिळून टाके उडवले, पाइप पुसला आणि एका टोकापासून १२५.५ च्या टप्प्यांनी नव्या खुणा केल्या. प्रत्येक गज लावताना ओळंबा धरला. तिरक्या पाइपावर गुण्या लावून गज उभा करायचा मोह होतो, पण गुण्या पाइपाशी काटकोन देतो, जमिनीशी नाही. तसं केलं तर गज मागे कलतात.

जिन्याच्या गजाची लांबी काढतानाही तोच १.२०९ उपयोगी पडतो. ४० मिमीचा पाइप तिरका झाला की उभ्या रेषेत तो ४८ मिमी जागा घेतो, २५ ची पट्टी ३० घेते. पायऱ्यांच्या कडांपासून कठडा उभा ९५० ठेवला होता. त्यातून पाइपाचे ४८, पट्टीचे ३० आणि पट्टीखालच्या ३० मिमी फटीचे उभे ३६ वजा केले की ८३६. दोन्ही टोकं ३४ अंशांत तिरकी कापायची. सगळे गज एकाच लांबीचे, त्यामुळे पहिला गज बसवून पाहिला की उरलेले त्याच्यावरून कापता येतात.

हे सगळं जमल्यावरही एक जागा उघडी राहते आणि बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. गजांच्या खालची पट्टी तिरकी जाते, पायऱ्या काटकोनात जातात. प्रत्येक पायरीवर ट्रेड, चढ आणि पट्टी यांच्यामध्ये एक त्रिकोण उरतो. गजांची फट नऊ सेंटिमीटर, पण त्यांच्या पायाशी असलेल्या या त्रिकोणातून केवढा गोळा जातो? पट्टी पायऱ्यांच्या कडांना अगदी चिकटवली तरी २५० आणि १७० च्या त्रिकोणात ११८ मिमीचा गोळा मावतो. (बेरीज ४२०, त्यातून कर्ण ३०२ वजा, उरले ते गोळ्याचा व्यास.) पट्टी ३० मिमी वर असेल तर तो १४३ होतो. अमेरिकेच्या नियमात या त्रिकोणाला सूट आहे, तिथे सहा इंचांचा गोळा जाऊ नये एवढंच मागतात, म्हणजे १५२ मिमी. त्या हिशोबानं आमचा जिना पास होता. पण वर नव्वदची फट राखायची आणि खाली रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर १४३ चं भोक ठेवायचं हे मला पटेना.

तपासायला काही लागत नाही. बांधकामावर सांडपाण्याच्या चार इंची पाइपाचे तुकडे पडलेले असतात, त्यांची बाहेरची जाडी ११० मिमी असते. तो तुकडा जिथून आरपार जातो तिथली फट निश्चितच मोठी आहे. नेमकं पाहायचं असेल तर सुताराकडून १०० मिमीचा लाकडी गोल ठोकळा कापून घ्यावा. आम्ही तसा घेतला आणि आठही पायऱ्यांवर तो त्रिकोणातून सरळ खाली पडला.

उपाय दोन होते. एक, पट्टी काढून टाकायची आणि गज थेट पायरीवर उतरवायचे. मग गजांची संख्या ट्रेडवर ठरते: २५० च्या ट्रेडवर दोन गज म्हणजे १२५ सेंटर, फट ११३, जास्त. तीन गज म्हणजे फट ७१, चोवीस गज, आणि त्यांच्या तीन वेगळ्या लांब्या. काम सुंदर दिसतं, पण संगमरवरी पायरीला चोवीस भोकं पाडावी लागतात आणि बहीण त्याला तयार नव्हती. दुसरा उपाय सोपा: प्रत्येक पायरीवर, चढापासून चार इंचांवर, पट्टीपासून खाली ट्रेडपर्यंत गजाचा एक छोटा उभा तुकडा. तो त्रिकोणाचे दोन भाग करतो आणि दोन्हींत मावणारा गोळा ९५ मिमीच्या आत येतो. तुकड्याची लांबी १३८ मिमी, आठ पायऱ्यांना आठ तुकडे.

ते आणायला दुकानात जावं लागलं नाही. गॅलरीचे २६ गज पाच दांड्यांतून निघाले होते आणि पाचव्या दांड्यात चार मीटर शिल्लक होते, त्यातून जिन्याचे चार गज निघाले. उरलेले चौदा दोन नव्या दांड्यांतून, सात-सात. एकूण सात दांडे, सुमारे साडेसत्तेचाळीस किलो. दोन्ही कठड्यांचा माल वेगवेगळा काढला असता तर आठ दांडे आले असते. पाचव्या दांड्याच्या शेवटच्या ७१८ मिमीतून पाच छोटे तुकडे मिळाले आणि गॅलरीच्या २२२ मिमीच्या टाकाऊ टोकांतून उरलेले तीन. रेडऑक्साइड वाळल्यावर संध्याकाळी ठोकळा घेऊन पुन्हा वरपासून खालपर्यंत एकेक फट तपासली. सहाव्या पायरीवर तो चढाकडच्या बाजूनं अर्धा शिरला, कारण तिथला तुकडा दहा मिमी पुढे लागला होता. फॅब्रिकेटरनं काही न बोलता ग्राइंडर उचलला आणि तो सुटा करून मागे घेतला.